कांदा लावायचा की गहू? संपृक्त अर्काची ईसी वाचून पीक कसं ठरवायचं

माती परीक्षणाच्या अहवालात सामूच्या खाली एक आकडा असतो, विद्युत वाहकता म्हणजे ईसी. समोर 'सर्वसाधारण' असा शेरा दिसला की बहुतेक जण तो आकडा सोडून नत्र, स्फुरद, पालाशकडे वळतात. निफाड, सिन्नरकडच्या कालव्याखालच्या भारी जमिनीत नवीन शेती सुरू करणाऱ्यांनी मात्र तिथं थोडं थांबावं. शेरा 'सर्वसाधारण' असतानाही कांद्याचं पाव उत्पादन गेलेलं असू शकतं. त्याच जमिनीत गव्हाला काहीही झालेलं नसतं. हे कसं ओळखायचं ते एका प्लॉटचा हिशोब धरून पाहू.

समजा, निफाड तालुक्यातला गोदावरीच्या बाजूचा, खोल काळ्या जमिनीचा एक प्लॉट आहे. अहवालात ईसी ०.८४ आहे, शेरा सर्वसाधारण. मालकाला डिसेंबरात उन्हाळ कांदा लावायचाय.

पहिलं काम: ही ईसी कोणत्या पाण्यातली?

मातीतले क्षार पाण्यात विरघळले की ते पाणी वीज वाहून नेतं. क्षार जास्त, तर वाहकता जास्त. पण मोजण्यापूर्वी मातीत पाणी किती घातलं यावर आकडा बदलतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग मातीत दोन किंवा अडीच भाग पाणी घालतात, ढवळतात आणि वरच्या पाण्यात मीटर बुडवतात. काम झटपट होतं, रोज शेकडो नमुने तपासायचे तर तेच सोयीचं. '१ पेक्षा कमी म्हणजे सर्वसाधारण' ही पट्टी त्याच पातळ द्रावणासाठी आहे.

पिकांची क्षार सहन करण्याची मर्यादा ज्या तक्त्यांत दिलेली असते, ते तक्ते मात्र वेगळ्या आकड्यावर उभे आहेत. त्यासाठी माती पाण्याने नेमकी भरेपर्यंतच भिजवतात, म्हणजे तिचा संपृक्त लगदा करतात, आणि त्या लगद्यातून ओढून काढलेल्या पाण्याची ईसी मोजतात. तिला ईसीई म्हणतात. अहवालातली ०.८४ घेऊन थेट पिकाच्या तक्त्यात शोधायला गेलात, तर प्रत्येक पीक सुरक्षितच दिसेल. नवख्या माणसाची पहिली गल्लत इथेच होते.

लगद्याचीच ईसी का धरायची, यामागे साधं कारण आहे. भारी जमीन जास्त पाणी धरते, मुरमाड किंवा वाळूसर जमीन कमी धरते. दोन्ही जमिनींत क्षार सारखेच असले, तरी कमी पाणी धरणाऱ्या जमिनीत मुळांभोवतीचं पाणी जास्त खारट होतं. अडीच भाग पाण्याच्या पद्धतीत हा फरक दिसतच नाही, कारण तिथं दोन्हींना पाणी सारखंच. लगद्यात प्रत्येक माती आपल्या पोताप्रमाणे पाणी घेते. त्यामुळे वेगवेगळ्या जमिनींचे आकडे एका पट्टीवर येतात. वाफशावर असलेल्या जमिनीत साधारण लगद्याच्या निम्मं पाणी असतं. म्हणून मुळांना प्रत्यक्षात जाणवणारा खारटपणा ईसीईच्या दुपटीच्या आसपास धरतात.

आपल्या प्लॉटचा अंदाज काढू. शंभर ग्रॅम मातीत २५० मिली पाणी घालून ०.८४ आली. या काळ्या मातीच्या लगद्याला शंभर ग्रॅमला ७० मिली पाणी लागतं. तेच क्षार २५० ऐवजी ७० मिलीत आले, तर ०.८४ गुणिले २५० भागिले ७०, म्हणजे ३.०. हीच ०.८४ हलक्या मातीची असती आणि तिच्या लगद्याला ३५ मिलीच पाणी लागलं असतं, तर उत्तर ६.० आलं असतं. अहवाल एकच, शेरा एकच, पण एका शेतात टोमॅटो जेमतेम निभावून नेईल आणि दुसऱ्यात त्याचं एक तृतीयांश उत्पादन जाईल.

हा नुसता अंदाज आहे. जास्त पाण्यात जिप्सम आणि चुना जास्त विरघळतात, त्यामुळे असा गुणाकार अनेकदा खऱ्यापेक्षा वर जातो. तो एवढंच सांगतो की या जमिनीची खरी ईसीई मोजून घ्यायला हवी.

नमुना: कुठून, किती खोल, कधी

कांद्याची मुळं उथळ असतात, बहुतेक सगळी वरच्या फुटभर थरात. म्हणून ०–१५ आणि १५–३० सेंटिमीटर असे दोन वेगळे नमुने घ्या. द्राक्षासाठी ३०–६० चाही घ्या. दोन थर वेगळे ठेवल्याने आणखी एक गोष्ट कळते. वरचा थर खालच्यापेक्षा खारट असेल, तर पाणी खालून वर चढून उडून जातंय आणि क्षार वरच राहताहेत. म्हणजे खाली पाणी तुंबलंय किंवा निचरा नाही. खालचा थर जास्त खारट असेल, तर क्षार निदान खाली तरी सरकताहेत.

शेतात पांढरट फूल आलेले चट्टे असतील, तर त्यांची माती बाकीच्या मातीत मिसळू नका. चट्ट्याची ईसीई ६ आणि उरलेल्या शेताची १.५ असेल, तर मिश्रणाचा आकडा २.८ च्या आसपास येऊ शकतो, आणि तो दोन्ही जागांबद्दल चुकीचं सांगतो. चट्ट्यात कांदा उभाच राहणार नाही, बाकी शेतात तो छान येईल. अशा वेळी चट्ट्याची पिशवी वेगळी करा आणि तो किती गुंठ्यांत आहे तेही लिहून ठेवा. आपल्या उदाहरणातला प्लॉट सगळीकडे सारखा आहे असं धरू.

ड्रिपखालच्या बागेत जागा नीट निवडावी लागते. ड्रीपरच्या अगदी खाली माती धुतलेली असते आणि क्षार ओलीच्या कडेला जाऊन साठतात. फक्त ड्रीपरखालची माती घेतली तर आकडा फसवा कमी येतो, फक्त बोदाच्या कडेची घेतली तर फसवा जास्त. ड्रीपरपासून ओलीच्या कडेपर्यंतच्या मधल्या जागेत मुळं असतात, तिथली घ्या, आणि कडेचा एक वेगळा नमुना माहितीसाठी ठेवा.

आता वेळ. पावसाळा संपता संपता जमीन वर्षातली सगळ्यात धुतलेली असते, तर एप्रिल-मेमध्ये वरचा थर सगळ्यात खारट. उन्हाळ कांद्यासाठी लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधीचा नमुना खरा. मे महिन्याचा अहवाल बघून डिसेंबरातलं पीक ठरवू नये.

लगदा

हे काम प्रयोगशाळाच करते, पण एकदा शेजारी उभं राहून बघा, कारण चांगल्या-वाईट आकड्यातला फरक इथंच पडतो. नमुना देताना 'संपृक्त लगद्याच्या अर्काची ईसी हवी' असं स्पष्ट लिहून द्या. नाहीतर नेहमीच्या पद्धतीनेच करून मिळेल.

माती सावलीत वाळवून, कुटून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली असते. साधारण तीनशे ग्रॅम घेऊन डिस्टिल्ड वॉटर थोडं थोडं घालत कालवायची. नळाचं पाणी चालत नाही, त्याचीच ईसी असते. काळ्या मातीत सुरुवातीलाच बरंचसं पाणी घालून ते मुरू द्यावं आणि कमीत कमी ढवळावं, कारण जास्त मळली की ती चिकट गोळा होते आणि पाणी किती घेतलं हेच समजत नाही. लगदा झाला की तो उजेडात चकाकतो. भांडं तिरपं केलं की जरासा सरकतो. पळीवरून निसटून पडतो, चिकटून राहत नाही. पळीच्या टोकाने मधोमध रेघ ओढायची आणि भांडं ओट्यावर हळूच आपटायचं. रेघ मिटली की लगदा बरोबर. वर पाणी साचता कामा नये.

मग झाकून रात्रभर ठेवायचा. काळ्या मातीसाठी ही रात्र महत्त्वाची आहे, कारण ती हळूहळू फुगत राहते आणि संध्याकाळी बरोबर दिसलेला लगदा सकाळी घट्ट झालेला असतो. तसं झालं असेल तर पाणी घालून पुन्हा कालवायचा. वर पाणी सुटलं असेल तर थोडी कोरडी माती मिसळायची. ही सकाळची तपासणी टाळली की आकडा दहा-वीस टक्क्यांनी सहज हलतो. एकूण किती पाणी लागलं याची नोंद ठेवायलाच हवी, त्यावरूनच आपण वर धरलेलं ७० टक्के मिळतं. काळ्या मातीत कोरड्या दिसणाऱ्या नमुन्यातही काही टक्के ओल असते, ती त्यात मिळवतात.

शेवटी गाळणकागद लावलेल्या नरसाळ्यावर लगदा पसरून खालून हवा ओढायची. भारी मातीतून अर्क थेंबथेंब येतो, धीर धरावा लागतो. मीटर ०.०१ नॉर्मल पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात तपासून घेतात. २५ अंशाला त्याने १.४१ दाखवायला हवं. तापमान दर अंशाला वाचन साधारण दोन टक्क्यांनी वाढवतं, म्हणून तापमान दुरुस्ती नसलेल्या मीटरवर ३१ अंशाला घेतलेलं २.८ हे ३.१ च्या वर दिसेल.

आणि एकक बघा. डेसीसायमन प्रति मीटर, मिलीसायमन प्रति सेंटिमीटर आणि जुन्या अहवालांतलं मिलीम्होज प्रति सेंटिमीटर हे तिन्ही एकच. मायक्रोसायमनमध्ये दिलं असेल तर हजाराने भागा.

आपल्या प्लॉटची ईसीई आली २.८, दोन्ही थरांत जवळपास सारखीच. अंदाज ३.० चा होता, म्हणजे जिप्समचा फार मोठा वाटा इथं नाही.

पिकाशी मांडणी

आता खरं काम. ४ च्या वर असलेली जमीन क्षारयुक्त, ही सीमा अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली छापलेल्या पुस्तिकेमुळे रूढ झाली. जमिनीचं वर्गीकरण करायला ती ठीक आहे, पीक ठरवायला नाही. २.८ त्या सीमेच्या खालीच आहे, तरीही आपल्या कांद्याचं नुकसान होतंय.

पिकासाठी दोन आकडे लागतात. एक म्हणजे सहनमर्यादा, जिथपर्यंत उत्पादनावर काहीच परिणाम होत नाही. दुसरा म्हणजे घसरण, मर्यादेच्या पुढे ईसीई एकाने वाढली की उत्पादन किती टक्क्यांनी घटतं. मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये अनेक पिकांसाठी हे आकडे एकत्र केले आणि आजही तेच वापरात आहेत. सूत्र असं:

```
उत्पादन (%) = १०० − घसरण × (ईसीई − मर्यादा)
```

कांद्याची मर्यादा १.२ आणि घसरण १६. आपली ईसीई २.८, मर्यादेच्या १.६ वर. १.६ गुणिले १६ म्हणजे २५.६. उत्पादन उरलं ७४ टक्के. एकरी शंभर क्विंटल येऊ शकणाऱ्या या प्लॉटमध्ये खत, पाणी, मजुरी सगळं पूर्ण घालून ७४ क्विंटल. आणि शेतात डोळ्याला काय दिसतं? पात जरा बुटकी, रंग गर्द निळसर हिरवा, गाठी लहान. पानं जळालेली नाहीत, चट्टे नाहीत. म्हणून शेतकरी बियाण्याला दोष देतो किंवा युरिया वाढवतो. खत हेही क्षारच असल्यामुळे त्याने मुळांभोवतीचा खारटपणा आणखी वाढतो.

त्याच शेतात गहू घेतला तर? गव्हाची मर्यादा ६.०. आपण तिच्या निम्म्यालाही नाही, म्हणून उत्पादन शंभर टक्के. टोमॅटोची मर्यादा २.५ आणि घसरण ९.९, म्हणजे ९७ टक्के. कोबी १.८ आणि ९.७, म्हणजे ९० टक्के. मक्याची मर्यादा १.७ आणि घसरण १२, म्हणजे ८७. द्राक्ष १.५ आणि ९.६, म्हणजे साधारण ८७ ते ८८. घेवडा सगळ्यात नाजूक, मर्यादा १.० आणि घसरण १९, म्हणजे ६६.

सोयाबीनकडे जरा नीट बघा. मर्यादा ५.०, म्हणून इथं ते निर्धास्त आहे. पण घसरण २० आहे. मर्यादा ओलांडली की पुढच्या एकेका अंकाला पाचवा हिस्सा जातो. उसाचं उलट: मर्यादा फक्त १.७, पण घसरण ५.९, म्हणजे नुकसान लवकर सुरू होतं पण हळूहळू वाढतं. नुसत्या मर्यादेवरून 'हे पीक चिवट, ते नाजूक' असं ठरवणाऱ्याला हा फरक कळत नाही. दोन्ही आकडे हातात असल्याशिवाय पिकांची तुलना करू नये, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा: इथले शंभर टक्के म्हणजे तुमच्याच शेतात, तुमच्याच मशागतीत, क्षार नसते तर आलं असतं ते उत्पादन. शेजाऱ्याचा विक्रम नव्हे.

हा हिशोब कुठे चुकतो

तक्त्यातले आकडे रोप उभं राहिल्यापासून काढणीपर्यंतच्या काळाचे आहेत. उगवण आणि कोवळ्या रोपाचा काळ वेगळा असतो. गव्हाची मर्यादा ६ असली तरी कोवळ्या अवस्थेत ईसीई ४–५ च्या पुढे असू नये. कांद्याचं गादीवाफ्यावरचं रोप तर अजून हळवं, म्हणून रोपवाटिकेसाठी गावातली सगळ्यात गोडी जमीन आणि गोडं पाणी निवडा, पुनर्लागवड कुठंही होवो.

जिप्सम टाकलेल्या किंवा मुळात जिप्सम असलेल्या जमिनीत लगदा करताना जास्तीचं जिप्सम विरघळतं आणि आकडा फुगतो. शेतातल्या कमी पाण्यात तेवढं विरघळत नाही. अशा जमिनीत पिकं तक्त्यापेक्षा साधारण २ डेसीसायमन जास्त ईसीई सोसतात. बागेत नुकतंच जिप्सम टाकलं असेल तर नमुन्यासोबत ते लिहून द्या, म्हणजे अहवाल वाचणारा उगाच घाबरवणार नाही.

ईसीई क्षार किती ते सांगते, कोणते ते सांगत नाही. सोडियमचं प्रमाण जास्त असेल तर जमीन चोपण होते. मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, सुकल्यावर कठीण ढेकळं निघतात. अशा जमिनीची ईसीई कमीही असू शकते. सामू ८.५ च्या वर असेल तर विनिमयक्षम सोडियम तपासून घ्या. ते १५ टक्क्यांच्या वर निघालं, तर वरचा तक्ता बाजूला ठेवा. तिथं आधी जिप्सम लागतं, नुसतं पाणी सोडून धुवायला गेलात तर जमीन आणखी बिघडते.

द्राक्षाचा प्रश्न नाशिकला सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. १.५ ही मर्यादा द्राक्षाची सर्वसाधारण आहे, तुमच्या खुंटाची नाही. द्राक्षात नुसत्या एकूण खारटपणापेक्षा क्लोराइड पानात किती चढतं यावर बरंच ठरतं, आणि ते खुंट अडवतो. संपृक्त अर्कातलं क्लोराइड थॉमसन सीडलेसला साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरपर्यंत चालतं, डॉगरीज खुंटाला ३०, सॉल्ट क्रीकला ४०. म्हणून बागेच्या अहवालात ईसीईसोबत त्याच अर्कातलं क्लोराइडही मागा. अर्क तयारच असतो, त्यातूनच तेही मोजता येतं. पानांच्या कडा जळू लागल्या असतील आणि क्लोराइड कमी निघालं, तर कारण दुसरीकडे शोधा.

२.८ आलं कुठून, आणि खाली कसं आणायचं

विहिरीच्या पाण्याची ईसी मोजा. पाण्यापैकी पंधरा-वीस टक्के खाली निचरून जात असेल, तर वर्षानुवर्षं तेच पाणी दिल्यावर जमिनीची ईसीई पाण्याच्या साधारण दीडपट होते. आपल्या प्लॉटच्या विहिरीचं पाणी १.८ निघालं. दीडपट म्हणजे २.७. जुळलं. हे क्षार विहिरीतूनच येताहेत आणि निचराही बरा चाललाय. पाणी ०.८ असतं आणि जमीन २.८, तर निचरा बंद आहे असं समजायचं आणि आधी चर काढायचा विचार करायचा, कारण खाली वाट नसताना जास्तीचं पाणी देणं म्हणजे क्षार पुन्हा वर बोलावणं.

कांदा पूर्ण येण्यासाठी याच हिशोबाने पाणी ०.८ च्या आत हवं. विहिरीचं १.८ आणि कालव्याचं ०.३ असेल, तर एक भाग विहिरीचं आणि दोन भाग कालव्याचं मिसळून ०.८ होतं. कालव्याचं आवर्तन असेल तेव्हा कांद्याला तेच द्या आणि विहिरीचं पाणी गव्हाकडे वळवा, त्याला त्याची अडचण नाही.

या हंगामात २.८ असलेल्या आपल्या प्लॉटमध्ये मी गहू घेईन. टोमॅटोही घेता येईल, मात्र त्याचा बाजारभाव आणि मजुरी बघून. कांदा कालव्याजवळच्या, कमी ईसीईच्या तुकड्यात. पुढच्या पावसाळ्यात शेताला बांध घालून पाणी मुरवा, लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी त्याच जागेतून, त्याच दोन थरांतून पुन्हा नमुना काढा आणि त्याच पद्धतीने तपासा. ईसीई १.६ पर्यंत उतरली, तर कांद्याचा हिशोब ९४ टक्क्यांवर येतो आणि लावायला हरकत नाही. २.२ ला अडकली, तर ८४. मग कांद्याच्या त्या वर्षीच्या अपेक्षित भावात सोळा टक्के घट परवडते का, हे वही घेऊन बसून ठरवा, आणि पाणी मिसळायची सोय होईपर्यंत कांदा लावू नका.